बायकोच्या बाळंतपणासाठी अर्जित रजा: किती, कधी आणि कोणत्या शब्दांत मागायची

"मॅडम, माझ्या खात्यावर पीएल तेरा दिवस दिसतेय. पॅटर्निटी लीव्ह तेरा दिवस मिळते ना आपल्याकडे?"

पुण्यातल्या एका खासगी कंपनीत मी रजा आणि हजेरीचं काम बघते, आणि हा प्रश्न मला दर वर्षी कुणी ना कुणी नवा मुलगा विचारतो. त्याला खरं सांगताना वाईट वाटतं. ती पीएल म्हणजे प्रिव्हिलेज लीव्ह. काही ठिकाणी तिलाच ईएल म्हणतात, मराठीत अर्जित रजा. वर्षभर काम करून कमावलेली, लग्नाला, गावाला, आजारपणाला सगळ्याला पुरवायची तीच रजा. बाप होण्यासाठी वेगळी रजा आमच्याकडे नाही, आणि महाराष्ट्रातल्या अनेक खासगी कार्यालयांत नाही.

कायद्यानेही ती दिलेली नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना दोनपेक्षा कमी मुलं असतील तर पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी नोकरदाराला तो नियम लागू होत नाही. मातृत्व लाभाची कायद्यातली तरतूद फक्त आईसाठी आहे. २०१७ साली हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी लोकसभेत पितृत्व लाभाचं खासगी विधेयक मांडलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. म्हणून हातात उरते अर्जित रजा. ती नीट वापरली तर पुरते, हे मी पाहिलंय. चुकीच्या दिवशी सुरू केली तर बाळ यायच्या आधीच संपते, हेही पाहिलंय.

आधी शिल्लक बघा

महाराष्ट्रात दुकानं आणि कार्यालयांसाठी २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. त्यात हिशेब सोपा आहे. एका कॅलेंडर वर्षात २४० दिवस किंवा जास्त काम केलं असेल तर पुढच्या वर्षी दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा मिळते. न वापरलेली रजा ४५ दिवसांपर्यंत साठते. याशिवाय वर्षाला आठ दिवस किरकोळ रजा, म्हणजे सीएल, मिळते. ती तिमाहीप्रमाणे खात्यावर जमा होते आणि डिसेंबरअखेर उरलेली बुडते. व्यवस्थापकीय पदावरच्या माणसांना आणि अगदी लहान आस्थापनांना या तरतुदी लागू नसतात. तिथे नेमणूकपत्रात जे लिहिलंय तेच धरायचं, म्हणून ते पत्र एकदा बाहेर काढून वाचाच.

नव्या माणसाची अडचण 'पुढच्या वर्षी' या दोन शब्दांत आहे. तुम्ही जुलैत लागलात आणि डिसेंबरपर्यंत २४० दिवस भरले नाहीत, तर जानेवारीत कायद्याने तुमच्या खात्यावर अर्जित रजा येत नाही. बऱ्याच कंपन्या स्वतःच्या धोरणाने दर महिन्याला दीड-दोन दिवस देतात. ते धोरण एचआरकडून लेखी मागून घ्या. कॅन्टीनमध्ये कुणी सांगितलेल्या आकड्यावर बाळंतपणाचं नियोजन करू नका.

शिल्लक बघताना आणखी एक गोष्ट विचारायची: रजेच्या मधे येणारा रविवार रजेत धरतात का? याला कार्यालयात 'सँडविच' म्हणतात. जिथे हा नियम आहे तिथे शुक्रवार ते पुढच्या शनिवारपर्यंतची रजा आठऐवजी नऊ दिवसांची होते. हे रजेवरून परत आल्यावर कळलं तर एक दिवसाचा पगार कापलेला दिसतो आणि विनाकारण कटुता येते.

डॉक्टरची तारीख आणि छत्तीस दिवसांचा हिशेब

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर प्रसूतीची अपेक्षित तारीख असते. ती चाळीस आठवड्यांची तारीख. नेमक्या त्या दिवशी फार थोडी बाळं जन्मतात. सदतिसावा आठवडा पूर्ण झाला की बाळ पूर्ण दिवसांचं मानतात, त्यामुळे तारखेच्या तीन आठवडे आधीपासून ते नंतर एखाद्या आठवड्यापर्यंत कधीही फोन येऊ शकतो.

आता यात रजेचा नियम बसवू. वर सांगितलेल्या कायद्यात पंधरा दिवस आधी अर्ज करण्याला महत्त्व आहे, आणि बहुतेक कंपन्यांची धोरणंही मोठ्या रजेसाठी पंधरा दिवसांची सूचना मागतात. पण हे पंधरा दिवस डॉक्टरच्या तारखेपासून मागे मोजले तर बाळ लवकर आलं की अर्ज उशिरा ठरतो. म्हणून ते सदतिसाव्या आठवड्यापासून मागे मोजायचे. एकवीस आणि पंधरा, छत्तीस. अपेक्षित तारखेच्या छत्तीस दिवस आधी तुमचा लेखी अर्ज साहेबांच्या मेलबॉक्समध्ये पाहिजे. तोंडी कल्पना त्याच्याही आधी द्या. आपल्याकडे पाच महिने होईपर्यंत बाहेर सांगत नाहीत, ते मी समजू शकते, पण ओटीभरणाच्या सुमारास साहेबांच्या कानावर घालायला हरकत नाही. अचानक आलेल्या मेलपेक्षा आधी कानावर असलेल्या गोष्टीला माणूस जास्त सहज हो म्हणतो.

रजा तारखेपासून नाही, घटनेपासून

सगळ्यात महाग पडणारी चूक इथे होते. काही वर्षांपूर्वी एका मुलाने अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून दहा दिवसांची रजा टाकली. बायको माहेरी, तो सासुरवाडीला जाऊन बसला. बाळ तारखेच्या नंतर नवव्या दिवशी झालं. दहा दिवस वाट बघण्यातच गेले, आणि ज्या आठवड्यात बायकोला उठता-बसता माणूस लागत होता त्या आठवड्यात तो ऑफिसात बसून व्हिडिओ कॉल करत होता. त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

म्हणून अर्जात निश्चित 'पासून-पर्यंत' लिहायच्या ऐवजी दिवसांची संख्या निश्चित करा आणि सुरुवात घटनेला बांधा: 'प्रसूतीसाठी दवाखान्यात दाखल केल्याच्या दिवसापासून आठ कामाचे दिवस.' संगणकातल्या रजेच्या फॉर्मला तारखा लागतातच. तिथे अपेक्षित तारीख टाका आणि शेऱ्यात लिहा की सुरुवात पुढे-मागे होईल. दाखल झाल्यावर एचआरकडून तारखा बदलून घेता येतात.

दुसरी गोष्ट, सगळी रजा एका दमात घेऊ नका. पहिलं बाळंतपण माहेरी असेल तर पहिले दोन-तीन महिने आजूबाजूला सासूबाई, मावश्या, शेजारणी असतात. तुमची खरी गरज दोनदा लागते. एकदा दवाखान्यात, जिथे सही, पैसे, औषधं, रात्रीचं जागरण सगळं तुमच्याकडे असतं. आणि दुसऱ्यांदा ती बाळाला घेऊन तुमच्या दोन खोल्यांच्या घरी परतते तेव्हा, जिथे दिवसभर तिसरं माणूस नसतं. हा दुसरा आठवडा बहुतेक मुलं विसरतात. बायका विसरत नाहीत.

एक उदाहरण, तारखांसकट

आमच्याच अकाउंट्समधल्या एका मुलाचं नियोजन सांगते. अपेक्षित तारीख १२ फेब्रुवारी २०२५. बायकोचं माहेर कराड.

आधीच्या वर्षी, २०२४ मध्ये, त्याचे २६६ दिवस भरले होते. वीसने भागून तेरा दिवस जानेवारीत जमा झाले. आधीचे सहा शिल्लक होते. एकूण एकोणीस अर्जित रजा, आणि पहिल्या तिमाहीच्या दोन सीएल. आमच्याकडे रविवार सुट्टी, शनिवारी काम, आणि रविवार रजेत धरत नाहीत.

त्याने छत्तीस दिवस मागे मोजले, ७ जानेवारी आली. त्या दिवशी त्याने अर्ज दिला: दाखल झाल्यापासून आठ दिवस, मग बायको पुण्याला येईल तेव्हा सहा दिवस, एकूण चौदा. पाच दिवस हात लावायचा नाही म्हणून बाजूला.

अकाउंट्सवाल्याच्या महिन्यात तीन तारखा टळत नाहीत. सात तारखेला टीडीएस भरायचा, अकराला जीएसटीआर-१, वीसला जीएसटीआर-३बी. मार्चमध्ये तर वर्षअखेर. या तारखा त्याने साहेबांनी विचारायच्या आधी अर्जात स्वतःच लिहिल्या. टीडीएसचं चलन तीन तारखेलाच तयार करून ठेवीन, विक्रीच्या बिलांची यादी शेजारच्या टेबलवरच्या सहकाऱ्याला समजावून देईन, ३बी मी परत आल्यावर करीन. साहेबांनी दोन ओळींत मंजुरी दिली. माझ्या मते ती मंजुरी बाळाच्या बातमीपेक्षा या तीन ओळींमुळे मिळाली.

सहा तारखेला रात्री पावणेबाराला त्याचा मेसेज आला, कळा सुरू झाल्यात, निघतोय. शुक्रवारी ७ फेब्रुवारीला सिझेरियन झालं, मुलगी. चौथ्या दिवशी बाळाला कावीळ दिसली, दोन दिवस दिव्याखाली ठेवावं लागलं, डिस्चार्ज लांबला. तरी शुक्रवारपासून मोजलेले आठ कामाचे दिवस शनिवारी १५ तारखेला संपले, तोवर दोघी घरी आल्या होत्या. सोमवारी १७ ला तो टेबलावर होता, वीसची तारीख पाळली गेली. बाराव्या दिवशी मंगळवार पडत होता. घरच्यांशी बोलून त्याने बारसं २३ तारखेच्या रविवारी ठेवलं, त्यात एकही रजा गेली नाही. सहा आठवड्यांची लस २१ मार्चला होती, त्याला एक सीएल. वर्षअखेरीच्या धामधुमीत साहेबांनी एक दिवस सोडला, कारण तो दिवस त्याने फेब्रुवारीतच सांगून ठेवला होता. बायको आणि मुलगी पुण्याला आल्या तेव्हा ५ ते १० मे सहा दिवस. बाजूला ठेवलेले पाच दिवस जुलैत बाळाच्या तापात उपयोगी पडले. ते ठेवले नसते तर बिनपगारी झाले असते.

अर्जाचे शब्द

पहिली सूचना: अर्जात 'पितृत्व रजा' हा शब्द वापरू नका. जी रजा धोरणात नाही ती मागितली की उत्तर एका ओळीत येतं, 'अशी तरतूद नाही', आणि तुमचा मंजूर होण्यासारखा अर्ज नामंजूर म्हणून नोंदला जातो. रजेचं नाव धोरणात जसं आहे तसं, अर्जित रजा किंवा पीएल, आणि कारण म्हणून पत्नीचं बाळंतपण.

दुसरी: वैद्यकीय तपशील देऊ नका. रक्तदाब, मुलाची स्थिती, आधीचा गर्भपात, हे तुमच्या बायकोचं खासगी आहे, आणि मेल कुणाकुणाला पुढे जाईल ते तुमच्या हातात नसतं. अपेक्षित तारीख एवढं पुरतं. मागितलं तर नंतर डिस्चार्ज कार्डाची प्रत द्या.

तिसरी: आजारपणाची रजा म्हणून खोटं सर्टिफिकेट जोडू नका. पेढे घेऊन ऑफिसात येणारा माणूस त्याच आठवड्यात तापाने आजारी होता, हे रजेच्या रजिस्टरमध्ये वर्षानुवर्षं राहतं.

ऑफिसचा व्यवहार इंग्रजीत असेल तर इंग्रजीत लिहा, पण क्रम हाच ठेवा. आधी काय हवं, मग का, मग कामाची सोय, शेवटी संपर्क.

> विषय: पत्नीच्या बाळंतपणासाठी १४ दिवस अर्जित रजा, दोन टप्प्यांत
>
> माननीय महोदय,
>
> माझ्या पत्नीच्या प्रसूतीची अपेक्षित तारीख १२ फेब्रुवारी २०२५ आहे. त्यासाठी माझ्या शिल्लक १९ दिवसांपैकी १४ दिवस अर्जित रजा पुढीलप्रमाणे मंजूर व्हावी ही विनंती.
>
> पहिला टप्पा: तिला दवाखान्यात दाखल केल्याच्या दिवसापासून ८ कामाचे दिवस. ही तारीख २२ जानेवारीनंतर केव्हाही येऊ शकते. दाखल होताच मी आपल्याला फोनवर कळवीन.
>
> दुसरा टप्पा: मे महिन्यात ६ कामाचे दिवस. नेमक्या तारखा १५ दिवस आधी कळवीन.
>
> फेब्रुवारीचा टीडीएस आणि जीएसटीआर-१ यांची तयारी मी आधी पूर्ण करून सहकाऱ्याकडे सोपवीन. जीएसटीआर-३बी मी परत आल्यावर वेळेत भरीन. रजेच्या काळात तातडीच्या कामासाठी रोज संध्याकाळी ६ ते ७ फोनवर उपलब्ध असेन.
>
> आपला विश्वासू

संध्याकाळची ती एक तासाची ओळ मुद्दाम आहे. 'केव्हाही फोन करा' असं लिहिलंत तर लोक केव्हाही करतात, अगदी ऑपरेशन थिएटरच्या बाहेर उभे असतानाही. वेळ बांधून दिली की बहुतेक जण पाळतात.

सहकाऱ्याचं नाव अर्जात लिहायच्या आधी त्याला विचारा. मी असे दोन अर्ज पाहिलेत ज्यात बिचाऱ्या सहकाऱ्याला आपल्यावर काम आलंय हे साहेबांकडून कळलं.

दाखल झाल्याच्या दिवशी लांब मेल लिहायची गरज नाही. आधीच टाइप करून फोनमध्ये ठेवा आणि वेळ आली की पाठवा:

> सर, पत्नीला आज दवाखान्यात दाखल केलं आहे. ७ जानेवारीच्या अर्जाप्रमाणे माझी रजा आजपासून सुरू होत आहे. यादी आणि चलनाची फाइल सामायिक फोल्डरमध्ये आहे.

साहेबांबरोबरच हा मेसेज एचआरलाही पाठवा. नुसता साहेबांना फोन केला आणि ते रजिस्टरला सांगायला विसरले, तर पगाराच्या वेळी ते दिवस गैरहजर म्हणून येतात.

नाही म्हणाले तर

हा भाग मला सौम्य करून सांगता येत नाही. अर्जित रजा तुमची असली तरी ती कोणत्या दिवशी द्यायची यात मालकाचा शब्द चालतो. कायदा एवढंच म्हणतो की पंधरा दिवस आधी मागूनही रजा नाकारली, तर ४५ दिवसांच्या वरची रजा पैशात बदलून मागता येते. ज्याच्या खात्यावर एकोणीस दिवस आहेत त्याला त्याचा काही उपयोग नाही. त्यामुळे भांडणापेक्षा दिवस कमी करून मागण्याचा मार्ग जास्त चालतो. नकार तोंडी आला तर त्याच दिवशी मेल करा:

> सर, आज आपण सांगितल्याप्रमाणे आठ दिवसांची सलग रजा अडचणीची आहे हे समजलं. पहिले चार दिवस दवाखान्यात माझी उपस्थिती आवश्यक आहे, तेवढे मंजूर करावेत. त्यानंतरचे चार दिवस मी घरून काम करू शकेन किंवा अर्धा दिवस येऊ शकेन. आपला निर्णय कृपया कळवावा.

यात तुम्ही नकाराची लेखी नोंदही करता आणि साहेबांना हो म्हणायला जागाही देता. मी पाहिलेल्या बहुतेक प्रकरणांत या मेलनंतर किमान पाच दिवस मिळाले. चारच मिळणार असतील तर ते दाखल होण्याच्या दिवसापासून घ्या, डिस्चार्जनंतर नको. सिझेरियनच्या आधी संमतीपत्रावर सही करायला आणि बाळाला तपासणीला नेताना बरोबर जायला घरचं माणूस लागतं.

शिल्लकच नसेल, म्हणजे तुम्ही नवे आहात आणि २४० दिवस भरलेले नाहीत, तर क्रम असा ठेवा. आधी सीएल. मग रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी केलेल्या कामाची बदली सुट्टी. बाळंतपण दिसत असेल तर आधीच्या दोन महिन्यांत अशा बदली सुट्ट्या मुद्दाम साठवा आणि प्रत्येकीची मेलवर मंजुरी घ्या. मग पुढच्या वर्षीच्या रजेतून उसनी रजा मिळते का ते विचारा, काही कंपन्या देतात. सगळ्यात शेवटी बिनपगारी. ती मागताना 'बिनपगारी रजा मंजूर व्हावी' असं स्पष्ट लिहून आधी मंजूर करून घ्या. न सांगता घरी राहिलेले चार दिवस आणि मंजूर केलेले चार बिनपगारी दिवस यांचा पगार सारखाच कापला जातो, पण पहिल्यांची नोंद विनापरवाना गैरहजेरी अशी होते, आणि प्रोबेशनवर असाल तर कायम करताना नेमकी तीच ओळ वाचली जाते.

परत आल्यावर पहिल्याच दिवशी एचआरच्या टेबलाशी या. फॉर्मवरच्या तारखा प्रत्यक्ष तारखांप्रमाणे बदलून घ्या, उरलेली शिल्लक डोळ्यांनी बघा, आणि कंपनीचा मेडिक्लेम असेल तर बाळाचं नाव त्यात घालायची मुदत विचारा. पेढ्यांचा डबा मात्र आधी सहकाऱ्याच्या टेबलावर ठेवा, जीएसटीआर-१ त्याने भरलाय.